पहिलं मिनिट, शेवटचा बाक

खडूबाईंवर स्वतःची ओळख करून द्यायची वेळ पहिल्यांदा आली, तेव्हा त्यांना एकोणपन्नासावं वर्ष चालू होतं.

त्याआधी कधी गरजच पडली नव्हती. जुन्या शाळेत त्यांनी चोवीस वर्षं काढली. ज्यांना त्यांनी पाढे शिकवले तीच मुलं पुढे आपापल्या मुलांचं बोट धरून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिथल्या पालकसभेत बाई स्वतःची नव्हे, पालकांची ओळख करून द्यायच्या. "हा बघ तुझा बाप," त्या नव्याने आलेल्या पोराला सांगायच्या, "सातचा पाढा याला अजून विचारू नकोस, लाजेल." बाप खरंच लाजायचा आणि सभा सुरू व्हायची.

खडूबाई हे नाव तिथलंच. वर्गात फिरताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्या खडू अंबाड्यात खोचून ठेवत आणि मग विसरून जात. घरी परतताना बाजारात, बसमध्ये, एकदा तर एका लग्नातसुद्धा त्या तशाच वावरल्या होत्या. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. तो म्हणायचा, "लोकांच्या बायका केसात फुलं माळतात, आमची शिक्षण खातं माळते."

पण जुन्या शाळेचा पट दरवर्षी घटत गेला. शेवटच्या वर्षी चारही वर्ग मिळून सत्तावीस मुलं उरली, आणि वर्ष अर्ध्यावर असताना शाळा बंद झाली. मुलं जवळच्या शाळेत गेली आणि बाईंच्या हातात बदलीचा कागद आला. शहराच्या दुसऱ्या टोकाची मोठी तीनमजली शाळा, तिसरीचा 'क' वर्ग.

त्या वर्गाची कहाणी त्यांना पहिल्याच दिवशी शिपायाने पाण्याच्या टाकीपाशी ऐकवली. "मॅडम, या वर्षात तुम्ही पाचव्या. पहिल्या बाळंतपणाला गेल्या. दुसऱ्यांना वरचं पद मिळालं. तिसऱ्या एकोणीस दिवसांत गेल्या, का ते कुणालाच कळलं नाही. चौथे सर होते, त्यांची खुर्ची अजून गरम असेल."

"मुलं काय म्हणतात?"

"मुलं काय म्हणणार? नवीन माणूस आलं की वहीवर नाव घालायची जागा रिकामी सोडतात."

बाईंनी वह्या पाहिल्या. खरंच, 'वर्गशिक्षक' या शब्दापुढे बहुतेकांनी काहीच लिहिलं नव्हतं. एका मुलीने पेन्सिलीने लिहून चार वेळा खोडलं होतं, आणि कागद तिथे इतका झिजला होता की पलीकडचं दिसत होतं.

आठव्या दिवशी मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावलं. मुख्याध्यापिका सरळ स्वभावाच्या होत्या, बोलणंही तसंच. "उद्या, शनिवारी, साडेतीनला पालकसभा आहे. तुमच्या वर्गाचे पालक तापलेत. त्यांनी अर्ज तयार केलाय, हा वर्ग मोडा आणि आमची मुलं 'अ' आणि 'ब' मध्ये घाला म्हणून. एकतीस मुलांपैकी तेवीस घरच्या सह्या आहेत. सभा संपली की अर्ज माझ्या टेबलावर येणार."

"आला तर?"

"तेवीस सह्या म्हणजे मला वर्ग मोडावाच लागेल. मुलं दाटीवाटीने बसतील. तुम्हाला स्वतःचा वर्ग राहणार नाही. कुणी रजेवर गेलं की त्या वर्गावर जायचं, एवढंच." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "मी प्रास्ताविक करते, मग तुम्ही बोला. पण लांबण नको. ही माणसं पहिल्या मिनिटात ठरवतात. पुढचा अर्धा तास ते ठरलेलंच बरोबर आहे का, एवढं बघतात."

चोवीस वर्षांत बाईंना स्वतःचा वर्ग नाही असा एक दिवस गेला नव्हता. रोज कुणा दुसऱ्याच्या मुलांसमोर उभं राहायचं, त्यांची नावं पाठ होण्याआधीच पुढच्या वर्गात जायचं.

संध्याकाळी घरी तालीम सुरू झाली. नवऱ्याने दुरुस्तीला आलेलं एक घड्याळ समोर ठेवलं, सेकंदकाटा बारावर आल्यावर बोट उचललं आणि बाईंनी कागद वाचायला घेतला. कागद त्याच्याच अक्षरातला होता, रेखीव. नाव, पदवी, त्यानंतरची पदवी, चोवीस वर्षांचा अनुभव, जिल्ह्याचं प्रशस्तिपत्रक, दोन प्रशिक्षणं, 'सर्वांगीण विकास' हा शब्द तीनदा.

"एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद," नवरा म्हणाला. "थोडं भरभर वाच."

कोपऱ्यात त्यांची नणंद चहा पीत बसली होती. ती दवाखान्यात परिचारिका आहे, इंजेक्शनच्या खोलीत. दिवसाला साठ अनोळखी माणसं तिच्यापुढे बाही वर करतात. ती म्हणाली, "वहिनी, एवढं ऐकेपर्यंत माझा पेशंट जिना उतरून रिक्षात बसलेला असतो."

"मग काय सांगू? मी शिकलेली आहे हे तरी सांगायला नको का?"

"माझे मार्क आजवर एकानेही विचारले नाहीत. मी आत गेले की काय म्हणते सांगू? मी अमुक. दोन वाजेपर्यंत तुमच्याकडे मीच आहे. आता सुई टोचणार, थोडं दुखेल, पाच मिनिटं बसून मग उठायचं. झालं. आणि दुखणार असेल तर दुखेल म्हणायचं. 'मुळीच नाही दुखत' म्हटलं की पुढच्या वेळी तोच माणूस हात आखडून घेतो."

"ही तुझी सुई आहे गं. माझ्याकडे एकतीस मुलं आहेत."

"माणूस घाबरलेलं असलं की त्याला तीनच गोष्टी हव्या असतात, वहिनी. तू कोण, किती वेळ आहेस, आणि माझं काय करणारेस. बाकीचं दादाच्या कागदावर राहू दे."

नवऱ्याने कागद परत घेतला आणि जरा दुखावल्यासारखी त्याची घडी घातली. "सर्वांगीण विकास चांगला शब्द आहे," तो पुटपुटला.

रात्री जेवण झाल्यावर बाईंनी स्वतःचं मनाशी ठरवलं. कागद न्यायचा नाही. आणि आपण मुलांना ओळखतो हे सांगत बसायचं नाही, दाखवायचं. आठ दिवसांत त्यांनी मुलं बाकांवरून पाठ केली होती. खिडकीकडची रांग, मधली रांग, भिंतीकडची रांग. कोण कुठे बसतं, पेन्सिल कुठल्या हातात, कोण दप्तर मांडीवर घेऊन बसतं, सगळं. पहिल्या बाकापाशी जायचं आणि तिथे बसलेल्या पालकाला त्याच्या लेकराबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. तिथून सुरुवात.

बेत चांगला होता, पण त्यात एक गोष्ट त्यांनी न विचारता गृहीत धरली होती. जुन्या शाळेत पालक आपल्या मुलाच्याच बाकावर बसत. कुणी नियम केला नव्हता, वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं. बाईंना वाटलं, जगात सगळीकडे तसंच असतं.

शनिवारी साडेतीनला वर्ग भरला. मोठी माणसं लहान बाकांत बसली की गुडघे कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नाही, आणि त्याचाही राग त्यांच्या चेहऱ्यावर असतो. खिडकीकडच्या पहिल्या बाकावर एक धिप्पाड गृहस्थ बसले होते. शर्टाच्या खिशात पेन्सिल, कमरेला मोजपट्टी आणि दोन्ही हातांच्या बोटांवर जुन्या बारीक कापल्याच्या खुणा. पालकांत त्यांना काचवाले म्हणत. दुकानांच्या आणि घरांच्या काचा बसवणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या पुढ्यात घडी घातलेला कागद होता, आणि त्यावर त्यांनी आपला पंजा ठेवला होता.

मुख्याध्यापिकांनी दोन वाक्यांत प्रास्ताविक संपवलं आणि त्या दारापाशी उभ्या राहिल्या. बाई पुढे झाल्या, सरळ पहिल्या बाकापाशी गेल्या आणि हसून काचवाल्यांना म्हणाल्या, "तुमची लेक डावखुरी आहे. शेजारणीच्या कोपराला तिचं कोपर लागायचं म्हणून मी तिला परवा बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं. त्या दिवसापासून तिचं अक्षर इतकं सुधारलंय!"

काचवाले बाईंकडे बघत राहिले.

"मला लेक नाही," ते म्हणाले. "मुलगा आहे. उजवा आहे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मधल्या रांगेतली एक बाई, शाळेसमोरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण, शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "चला, पाचव्यांनी तर मुलंच बदलली."

आता मोठाच हशा पिकला. काचवाले हसले नाहीत. त्यांनी कागदावरचा पंजा उचलला आणि घडी उलगडली.

पहिल्या मिनिटातले वीसेक सेकंद असे गेले. बाईंचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला. अडचणीत सापडल्या की त्यांना खडू लागतो. खडू हाताला लागला आणि त्यांच्या लक्षात आलं की चूक नेमकी कुठे झाली.

"चुकले," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण वर्ग परत शांत झाला. "माझ्या जुन्या शाळेत पालक आपापल्या मुलाच्या जागेवर बसायचे. इथेही तसंच असेल असं मी धरून चालले. विचारायला हवं होतं. मला मुलं अजून बाकांवरून लक्षात आहेत, चेहऱ्यावरून घरं ओळखू यायला मला महिना लागेल. तोवर एक मदत कराल? तुमचं मूल जिथे बसतं तिथे जाऊन बसाल?"

"आम्हाला काय ठाऊक कुठे बसतं ते!" एक जण म्हणाला.

"मी सांगते ना. नाव सांगा."

कुरकुर झाली, बाक सरकले. कुणी म्हणालं, "आता आमचीही हजेरी घ्या." पण लोक उठले. एकेकाने मुलाचं नाव सांगितलं आणि बाईंनी बोट दाखवलं. मधली रांग, दुसरा, दाराकडचं टोक. खिडकी, चौथा, आतल्या बाजूला. वही नाही, कागद नाही, एकही नाव अडलं नाही. दहा-बारा नावं झाली तशी कुरकुर आपोआप थांबली. लोक आता आपली पाळी येण्याआधीच कान देऊन ऐकू लागले.

एक म्हातारे आजोबा काठी टेकत खिडकीकडच्या पहिल्या बाकाशी आले आणि डाव्या टोकाला बसले. "डावखुरी ती माझी नात," ते म्हणाले. "घरी सगळे तिला उजव्या हाताने लिही म्हणून मागे लागतात. तुम्ही नाही ना लागणार, बाई?"

"नाही."

"मग मला अजून काही ऐकायचं नाही. पण बोला तुम्ही."

काचवाले सगळ्यात शेवटी उठले. भिंतीकडची रांग, शेवटचा बाक, भिंतीला लागून. तिथे ते कसेबसे मावले. त्यांनी अर्ज पुढ्यात ठेवला आणि हाताची घडी घातली.

"आता माझी ओळख," बाई म्हणाल्या. त्यांनी नाव सांगितलं आणि ते फळ्यावर लिहिलं, मोठ्या अक्षरात. "मी चोवीस वर्षं पहिली ते चौथीला शिकवते आहे. माझी शाळा बंद झाली म्हणून मी इथे आले. या वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत या वर्गावर मीच आहे, तसा लेखी आदेश आहे. त्यापुढचं मला माहीत नाही, म्हणून त्यापुढचं वचन देत नाही."

कुणीतरी मान हलवली.

"तुमच्या मुलांचं भागाकारात नुकसान झालंय. आधीच्या शिक्षकांची चूक म्हणून नाही. प्रत्येकाने सुरुवात केली आणि शेवट कुणालाच मिळाला नाही. तो भरून काढायला मला साधारण सहा आठवडे लागतील. पहिले दोन आठवडे मुलं घरी येऊन कुरकुरतील, कारण मी मागे जाऊन वजाबाकीपासून घेणार आहे. तेव्हा घाबरू नका. काही विचारायचं असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच पानावर माझं उत्तर असेल. फार तातडीचं असेल तर संध्याकाळी सहा ते सात फोन करा. वर्ग चालू असताना मी फोन घेत नाही, कारण तेव्हा तुमची मुलं समोर असतात." त्या थांबल्या. "एवढंच. आता तुम्ही बोला."

मिनिटभराचंच बोलणं होतं. दारातल्या मुख्याध्यापिकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही, यावरून ते बाईंना कळलं.

औषधवाल्या बाईंनी आधी तोंड उघडलं. "सहा आठवडे म्हणजे सहाच? का सरकारी सहा?"

"सातवा लागला तर मी स्वतः शेवटच्या पानावर लिहीन, का लागला ते."

"बघू," त्या म्हणाल्या. पण या वेळी शेजारणीकडे बघून नाही, बाईंकडे बघून म्हणाल्या.

मग मागच्या बाकावरून काचवाल्यांचा आवाज आला. ते उठून उभे राहिले होते, जितकं त्या बाकात राहता येतं तितके. "मॅडम, गोड बोलणं ठीक आहे. चौघंही गोडच बोलले. डावखुऱ्या मुलीचं सांगितलंत, छान वाटलं. आता माझ्या मुलाचं सांगा. आधीच्या तिघांनी सांगितलं, हा शेजारच्याचं बघून लिहितो. कॉपी करतो. तुम्हीही वह्या तपासल्यात ना? करतो का नाही? इथेच सांगा, सगळ्यांसमोर."

तीस डोकी मागे वळली, मग पुढे वळली.

बाईंना उत्तर माहीत होतं. त्या पोराची वही त्यांनी तीनदा पाहिली होती. पण त्या म्हणाल्या, "ते मी सगळ्यांसमोर सांगणार नाही."

"का? लपवण्यासारखं आहे?"

"लपवण्यासारखं नाही. पण ते तुमचं आहे. चांगली गोष्ट मी चारचौघांत सांगेन. बाकीचं ज्याचं त्याला, दार लावून. सभा संपली की दहा मिनिटं थांबा, वही तुमच्यापुढे ठेवते."

"मला चालतंय म्हटलं तरी?"

"तुम्हाला चालेल. त्याला कदाचित चालणार नाही. सोमवारी त्याला याच तीस घरांतल्या मुलांमध्ये बसायचंय."

वर्गात काहीतरी हललं. औषधवाल्या बाई ताठ बसल्या होत्या, त्या मागे टेकल्या. प्रत्येकाच्या घरात एक गोष्ट असते, चारचौघांत निघू नये अशी. कुणाचं पोर अंथरूण ओलं करतं, कुणाचं अडखळतं, कुणाच्या घरी आईबाप बोलत नाहीत. ती गोष्ट या बाईंच्या हातात गेली तर कुठे ठेवतील, हे प्रत्येकाला आत्ता कळलं होतं. आजोबा काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून आपल्याशीच म्हणाले, "हं. हे बरं झालं."

काचवाले खाली बसले. आणि बसल्यावर समोर बघता बघता त्यांची मान हळूहळू एका बाजूला कलली.

सव्वाचारला सभा संपली. बाकीचे निघून गेले. जाताना दोघांनी काचवाल्यांना "अर्जाचं काय?" असं विचारलं. ते म्हणाले, "थांबा जरा." मुख्याध्यापिका व्हरांड्यात थांबल्या. बाई वही घेऊन शेवटच्या बाकापाशी आल्या आणि शेजारी एक खुर्ची ओढून बसल्या.

"हे बघा," त्यांनी वही उघडली. "रोज मी फळ्यावर सहा उदाहरणं लिहिते. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. उजवीकडची तीन याची रोज बरोबर येतात आणि त्यात शेजाऱ्याचं काही नसतं. तो चुकला तरी हा चुकत नाही. डावीकडची मात्र हा त्याच्या वहीतून घेतो. शेजारी हातचा घ्यायला विसरला की हाही विसरतो. ज्याला उजवीकडचं येतं त्याला डावीकडचं येत नाही असं होत नाही. म्हणून मला वाटतं, याला कॉपीची खोड नाही, याचे डोळे तपासून घ्यायला हवेत. एकदा डॉक्टरांकडे..."

"मॅडम, तुम्ही इथे बसा," काचवाले म्हणाले.

"काय?"

"माझ्या जागेवर बसा. भिंतीला टेकून." ते बाकातून मोठ्या कष्टाने बाहेर आले.

बाई बसल्या. समोर फळा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला नवा रंग दिला होता, तुकतुकीत. उजवीकडे त्यांनी स्वतः लिहिलेलं नाव स्वच्छ दिसत होतं. डावीकडे, ज्या ठिकाणी त्या रोज पहिली तीन उदाहरणं लिहीत, तिथे टॉवेलाएवढा पांढराफेक पट्टा चमकत होता, आणि त्यात कालची अक्षरं होती की नव्हती हे देवालाच ठाऊक. त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या. पट्टा बाजूला गेला, अक्षरं दिसू लागली. परत भिंतीशी आल्या. अक्षरं गायब.

"ती खिडकी बघा," काचवाल्यांनी बोट दाखवलं. "सगळ्या काचा दुधी आहेत. उजेड येतो पण टोचत नाही. ती वरची एक बघितलीत? साधी आहे. फुटली असेल कधीतरी आणि कुणीतरी स्वस्तातली साधी काच बसवून मोकळा झाला. दुपारनंतरचा सगळा उजेड तिच्यातून फळ्यावर पडतो आणि बरोबर या कोपऱ्यात येऊन आपटतो. मी सभेत बसल्यापासून तेच बघत होतो." त्यांनी क्षणभर तोंड फिरवलं. "रोज रात्री मी त्याला रागावायचो. म्हणायचो, तुझे डोळे काय शेजाऱ्याच्या वहीला चिकटलेत का? एकदा हातही उगारला. तो काय म्हणायचा, माहीत आहे? 'बाबा, फळ्यावर पाणी असतं.' मला वाटायचं, थापा मारतोय."

बाई म्हणाल्या, "नऊ दिवस मी या वर्गात आहे. बाकांवरच्या एकतीस जागा पाठ केल्या आणि एकाही जागेवर बसून पाहिलं नाही. हा दोष माझा. तुम्ही बसला नसतात तर मी त्याला चष्म्याच्या दुकानात पाठवलं असतं."

"चूक आहे म्हणता लगेच तुम्ही," काचवाले म्हणाले. त्यांना त्याचं काय करावं ते समजत नव्हतं. "एका दिवसात दोनदा."

"लवकर म्हटलं की कमी पसरते. सोमवारपासून मी त्याला मधल्या रांगेत घेते. पण ही जागा तशीच राहील, उद्या दुसरं कुणी बसेल."

"जागा कशाला हलवता? काच हलवतो ना मी." त्यांनी एक स्टूल ओढलं, वर चढले, कमरेची मोजपट्टी काढली. "पण मुख्याध्यापिका मॅडमना विचारायला लागेल."

"विचारलं समजा," मुख्याध्यापिका दारातून म्हणाल्या.

"मॅडम, लिहून घ्या," काचवाले वरून म्हणाले. "नाही, राहू दे, तुमचं अक्षर मुलांसाठी. माझं मीच लिहितो." त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, कागद शोधला आणि हाताला जो लागला तो चौकटीवर टेकवून पाठकोऱ्या बाजूवर आकडे उतरवले. लांबी, रुंदी, जाडी. दोनदा मोजलं, एकदा खोडलं. उतरून पेन्सिल कानामागे अडकवली.

मग कागद घडी घालायला उलटला, आणि तेवीस सह्या वर आल्या.

तिघंही त्याच्याकडे बघत होते. मुख्याध्यापिकांनी हात पुढे केला नाही, पण विचारलं, "अर्ज देताय?"

काचवाल्यांनी कागद उलटसुलट केला. "आता कसा देणार? मापं आहेत यावर. दुकानात लागतील." त्यांनी घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. दारापर्यंत गेले, थांबले. "मॅडम, सहा आठवडे म्हणालात ना? तोवर मी हा जपून ठेवतो. फाडत नाही."

"फाडू नका," बाई म्हणाल्या. "सातव्या आठवड्यात दोघं मिळून बघू."

बुधवारी सकाळी शाळा भरायच्या आधी दुधी काच बसली. त्या दिवशी बाईंनी प्रत्येक बाकाच्या दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं बसून काढली. मुलांना वाटलं, बाईंना जागा मिळत नाही. दोघांनी सरकून दिली.

गुरुवारी काचवाल्यांच्या मुलाच्या वहीत डावीकडच्या तीन उदाहरणांपैकी दोन बरोबर होती. तिसरं चुकलं होतं. बाईंनी शेजाऱ्याची वही उघडून पाहिली. शेजाऱ्याचं ते उदाहरण बरोबर होतं. म्हणजे ही चूक पोराची अगदी स्वतःची होती, कुणाचीही बघून न घेतलेली. बाईंनी तिच्याभोवती लाल गोल काढला आणि ही चूक पाहून त्यांना जितका आनंद झाला तितका कुठल्या बरोबर उत्तराने नव्हता झाला.

वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या, तिरक्या अक्षरात चिठ्ठी होती: 'काच कशी आहे?'

बाईंनी अंबाड्यातला खडू चाचपला, मग पेन घेतलं आणि खाली लिहिलं: 'काच चांगली आहे. मुलगा हातचा घ्यायला विसरला. पण या वेळी तोच विसरला.'

वही बंद करताना त्यांची नजर वेष्टनाकडे गेली. 'वर्गशिक्षक' या शब्दापुढची जागा आता रिकामी नव्हती. पोराने तिथे त्यांचं नाव लिहिलं होतं. पेनाने.